परवाना नूतनीकरण म्हणजे ‘काहीही बदललेलं नाही’ असं लिहून देणं

मार्चच्या विसाव्या तारखेला एक फर्निचरवाले पिशवीभर कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. महापालिकेचा व्यवसाय परवाना ३१ मार्चला संपत होता. “साहेब, नुसतं रिन्यू करायचंय, फी भरली की झालं ना?” हे वाक्य मी दर मार्चमध्ये वीस-पंचवीस वेळा ऐकतो. फी भरली की काही ठिकाणी खरंच होतं. पण फी भरताना आपण नेमकं काय लिहून देतोय, हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि पुढचे घोळ सगळे तिथूनच सुरू होतात.

आधी कुठला परवाना ते बघू, कारण दुकानदाराच्या भिंतीवर एकापेक्षा जास्त कागद टांगलेले असतात. ज्याला सगळे ‘गुमास्ता’ म्हणतात तो दुकाने व आस्थापना कायद्याखालचा कागद. तो मुळात कामगारांच्या नोकरीच्या अटींसाठी आहे. मुंबईत तो महापालिका देते, बाकी महाराष्ट्रात कामगार विभाग. २०१७ चा नवा कायदा आला तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी फक्त सूचना देण्याची मुभा मिळाली, आणि अशा सूचनेचं नूतनीकरण नसतं. त्यामुळे ‘आमचा गुमास्ता आता रिन्यू करावा लागत नाही’ हे अनेकांच्या बाबतीत खरं आहे. पण त्यावरून महापालिकेचा परवानाही सुटला असं समजणं चूक.

महापालिकेचा व्यवसाय परवाना वेगळा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ३७६ प्रमाणे काही वस्तूंचा साठा आणि काही धंदे परवान्याशिवाय करता येत नाहीत. आग, धूर, दुर्गंधी, आवाज किंवा जिवाला धोका यांच्याशी ज्यांचा संबंध येऊ शकतो असे हे धंदे. मुंबईला हा कायदा लागू नाही, तिथे १८८८ च्या कायद्याचं कलम ३९४ हेच काम करतं. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा स्वतंत्र कायदा आहे. प्रत्येक दुकानाला हा परवाना लागतोच असं नाही. आपला धंदा यादीत आहे का, ते परवाना विभागात एकदा विचारून घ्यावं. आमच्या फर्निचरवाल्यांकडे लाकडाचा साठा, विजेवर चालणारी करवत आणि पॉलिशचे डबे, म्हणजे यादीत न बसण्याचा प्रश्नच नव्हता.

आता मुद्द्याचं. नूतनीकरणाच्या अर्जात एक स्वयंघोषणापत्र असतं. पोर्टलवर ते चार ओळींत असतं आणि खाली टिक करायची चौकट. त्याचा सरळ अर्थ असा: परवान्यावर जे नाव, जी जागा, जेवढं क्षेत्रफळ आणि जो व्यवसाय लिहिला आहे, ते आजही तसंच आहे. म्हणजे नूतनीकरण ही नवी परवानगी नव्हे. जुनीच परवानगी, जशीच्या तशी, पुढच्या मुदतीसाठी. काही बदललं असेल तर तो अर्ज हा नव्हे. व्यवसायाचं नाव बदलणं, व्यवसाय बदलणं, परवानाधारकाचं किंवा भागीदाराचं नाव बदलणं, भागीदार वाढणं-कमी होणं, परवाना दुसऱ्याच्या नावे होणं, या सगळ्या सेवा महापालिकांच्या यादीत नूतनीकरणापासून वेगळ्या दाखवलेल्या असतात. लोक त्या यादीकडे बघत नाहीत, कारण नूतनीकरणाचं बटण सगळ्यात सोपं असतं.

वडील वारले, मुलगा दुकान चालवतो आणि तीन वर्षं वडिलांच्याच नावाने फी भरतो, अशी उदाहरणं मी कितीतरी पाहिली आहेत. पोर्टल पैसे घेतं, पावती देतं, कारण पोर्टलला माणूस गेल्याचं कळत नाही. पण परवाना त्या व्यक्तीला दिलेला असतो. दुकानाबरोबर तो आपोआप वारसाकडे येत नाही. मग कधीतरी विम्याचा दावा येतो किंवा तपासणी होते, आणि तीन वर्षांच्या पावत्या हातात असूनही परवानाधारक म्हणून दाखवायला जिवंत माणूस नसतो. अशा वेळी मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि हस्तांतरणाचा अर्ज आधी. नूतनीकरण त्याच्या मागून किंवा त्याच्यासोबत, जशी त्या कार्यालयाची पद्धत असेल तसं.

फर्निचरवाल्यांच्या बाबतीत माणूस तोच होता. म्हणून मी जुना परवाना टेबलावर मधोमध ठेवला आणि बाकीचे कागद त्याच्याभोवती मांडले. मी नेहमी असंच करतो. कागद आहेत का हे तपासण्यापेक्षा ते एकमेकांशी जुळतात का हे तपासायचं. कार्यालयातला लिपिकही नेमकं तेच करतो.

पहिला खटका क्षेत्रफळाचा बसला. परवान्यावर ३५० चौरस फूट, भाडेकरारावर ३२.५ चौरस मीटर. ते घाबरले, म्हणाले आकडा वेगळा आहे. वेगळा नव्हता. एक चौरस मीटर म्हणजे साधारण १०.७६४ चौरस फूट. ३२.५ ला त्याने गुणलं की ३४९.८ येतात. करारात मीटर आणि परवान्यात फूट, एवढाच फरक. पण हा हिशेब अर्जासोबतच्या पत्रात एका ओळीत लिहून दिला, कारण समोरचा माणूस दिवसाला पन्नास अर्ज बघतो आणि दोन वेगळे आकडे दिसले की तो त्रुटी काढून मोकळा होतो. क्षेत्रफळाकडे त्याचं लक्ष असतंच, कारण पुष्कळ ठिकाणी परवाना फी क्षेत्रफळावर आणि यंत्रांच्या अश्वशक्तीवर ठरते.

मी विचारलं, “या ३५० फुटांच्या बाहेर काही वापरता का?” थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “वर माळा टाकलाय ना दोन वर्षांपूर्वी. प्लायवूड ठेवतो.” माळा साधारण १२० फुटांचा. खरा फरक हा होता, आणि तो एकाही कागदावर दिसत नव्हता.

इथे दोन मोह होतात. एक, गप्प बसायचं आणि ‘काही बदल नाही’वर टिक करायची. दुसरा, प्रामाणिकपणाच्या भरात क्षेत्रफळाच्या रकान्यात ४७० लिहून द्यायचे. पहिल्यात घोषणापत्र खोटं ठरतं. चुकीच्या माहितीवर घेतलेला परवाना रद्द होऊ शकतो, आणि आग लागली तर विमा कंपनीचा सर्व्हेअर सगळ्यात आधी परवान्यावरचं क्षेत्रफळ आणि प्रत्यक्ष साठा ताडून बघणार. दुसऱ्यात परवाना विभाग विचारणार, माळ्याला मंजुरी आहे का? ती नव्हती. व्यवसाय परवाना मिळाला म्हणून विनापरवाना बांधकाम अधिकृत होत नाही. ही अट बहुतेक परवान्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेली असते. मी त्यांना सांगितलं, माळा रिकामा करा, जमलं तर काढून टाका, आणि ३५० फुटांचंच नूतनीकरण मागा. चार दिवसांत त्यांनी प्लायवूड दुसरीकडे हलवलं, फळ्या उतरवल्या आणि आतून-बाहेरून फोटो काढले. एवढ्यासाठी धंद्याचे चार दिवस गेले म्हणून ते माझ्यावर थोडे नाराजच होते.

दुसरी अडचण कराराची. जागा भाड्याची, लीव्ह अँड लायसन्स करार ११ महिन्यांचा, आणि तो नोव्हेंबरमध्येच संपलेला. मालक आणि हे, दोघंही ‘चालतंय की’ म्हणून बसले होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला कागद काही कार्यालयं चालवून घेतात, पण त्यावर विसंबू नये. नोंदणी करायला मालकाचा अंगठा आणि फोटो लागतो, आणि मालक १० एप्रिलपर्यंत परगावी. इकडे परवान्याची मुदत ३१ मार्चची.

बहुतेक लोक इथे एक चूक करतात. सगळे कागद पूर्ण झाल्याशिवाय अर्ज करायचा नाही, असं ठरवून तारीख उलटू देतात. १९४९ च्या कायद्याचं कलम ३८६ या ठिकाणी फार उपयोगाचं आहे. मुदत संपली की परवानाधारक ‘विनापरवाना’ समजला जातो, असं ते सांगतं. पण त्यालाच एक परंतुक जोडलेलं आहे: परवान्यात नमूद केलेल्या तारखेपर्यंत नूतनीकरणाचा अर्ज केलेला असेल, तर आदेश मिळेपर्यंत परवाना नूतनीकृत झाला आहे असं धरून अर्जदाराला काम चालू ठेवता येतं. म्हणजे तारीख पाळून केलेला अर्ज हे मधल्या काळातलं तुमचं संरक्षण. तारीख उलटल्यानंतर केलेल्या अर्जाला हे संरक्षण नाही, मग विलंब शुल्क भरलेलं असो वा नसो. आणि एक बारीक गोष्ट. काही परवान्यांवर ‘मुदत संपण्याच्या अमुक दिवस आधी अर्ज करावा’ अशी अट असते. तिथे पाळायची तारीख ती, ३१ मार्च नव्हे. म्हणून परवाना पलटून मागची बाजू वाचायची. माझ्या अंदाजाने शंभरातले नव्वद लोक ती कधीच वाचत नाहीत. या परवान्यावर तशी अट नव्हती, म्हणून ३१ मार्चच धरली.

तर २७ मार्चला आम्ही अर्ज टाकला. सोबत जुना संपलेला करार, मालकाचं संमतीपत्र, आणि नवा करार नोंदणीसाठी कधीपर्यंत जाईल याचा स्पष्ट उल्लेख. पत्राचा मसुदा असा होता. नावं-गावं काढून इथे देतो, गरजेप्रमाणे बदलून घ्यावा:

प्रति,
परवाना अधीक्षक / प्रभाग अधिकारी,
………… महानगरपालिका.

विषय : व्यवसाय परवाना क्र. ……… चे दि. १ एप्रिलपासून नूतनीकरण होणेबाबत.

महोदय,
मी वरील परवान्याचा धारक असून, परवान्यात नमूद जागेत लाकडी फर्निचर बनवणे व विकणे हा व्यवसाय करतो. परवान्याची मुदत दि. ३१ मार्च रोजी संपत आहे. परवानाधारक, व्यवसायाचे नाव, व्यवसायाचा प्रकार, जागा व यंत्रांची अश्वशक्ती यांत कोणताही बदल झालेला नाही.

परवान्यातील ३५० चौ. फूट व भाडेकरारातील ३२.५ चौ. मीटर हे एकाच क्षेत्राचे दोन एककांतील आकडे आहेत.

जागेच्या कराराची मुदत संपली असून जागामालक परगावी असल्याने नवीन करार दि. १५ एप्रिलपर्यंत नोंदणी करून सादर करत आहे. तोपर्यंत मालकांचे संमतीपत्र सोबत जोडले आहे.

सोबत :
१) मूळ परवान्याची प्रत आणि मागील वर्षाची फी भरल्याची पावती
२) परवानाधारकाचे ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा
३) जुना नोंदणीकृत करार, मालकांचे संमतीपत्र
४) जागेच्या मालमत्ता कराची चालू वर्षाची पावती
५) दुकाने व आस्थापना कायद्याखालील सूचनेची पावती
६) जीएसटी नोंदणी प्रमाणपत्र
७) अग्निसुरक्षेचे प्रपत्र ‘ब’
८) वीज देयक
९) दुकानाचे आतील व नामफलकासह बाहेरील फोटो
१०) स्वयंघोषणापत्र

आपला,
(सही)

ही यादी सगळीकडे तंतोतंत अशीच लागेल असं नाही. प्रत्येक कार्यालयाची स्वतःची यादी असते, तीच पाळायची. पण कुठला कागद कशासाठी मागतात हे कळलं की आपल्याकडे त्यातला कोणता कच्चा आहे ते आधीच दिसतं. करार आणि कराची पावती, दोन्ही जागेसाठी: तुम्ही तिथे हक्काने बसला आहात का, आणि त्या जागेची थकबाकी आहे का. भाडेकरूला इथे फार त्रास होतो. कर थकवतो मालक आणि अडतो याचा परवाना. आमच्या फाईलमध्येही मालकाची मागच्या सहामाहीची रक्कम बाकी निघाली. शेवटी यांनीच भरली आणि भाड्यातून वळती करून घ्यायचं ठरलं. तसं मालकाकडून लेखी घेतलं, फोनवरच्या ‘हो हो’वर सोडलं नाही.

जीएसटी आणि आस्थापनेची पावती नाव जुळवण्यासाठी. परवान्यावर ‘फर्निचर वर्क्स’, जीएसटीवर ‘फर्निचर मार्ट’, फलकावर तिसरंच काही, असं असेल तर आधी ठरवा कोणतं नाव खरं आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करा. फलकाचा फोटो जोडताना तो मराठीत, देवनागरीत आहे ना तेही बघून घ्यावं. मार्च २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही ते बंधनकारक आहे.

प्रपत्र ‘ब’ हा कागद सगळ्यात जास्त वेळा शिळा निघतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत आहे असं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं, आणि ते वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये. लोक एकदा घेतात आणि तीच प्रत तीन वर्षं जोडत राहतात. यांच्याकडचं मागच्या जुलैचं होतं. जानेवारीचं राहून गेलेलं. एजन्सीचा माणूस येऊन गेला तेव्हा दोनपैकी एका सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात होता, म्हणजे आत दाबच नव्हता. लाकडाच्या दुकानात. तो भरून घेतला आणि मग प्रमाणपत्र मिळालं.

अर्ज गेला की पोचपावती घ्यायची, अर्जाचा क्रमांक आणि तारीख असलेली. ऑनलाइन असेल तर ती डाउनलोड करून छापून दुकानात ठेवायची. फी भरल्याची पावती वेगळी आणि अर्जाची पोच वेगळी. पैसे कापले गेले, पण अर्ज ‘मसुदा’ स्थितीतच अडकला, असं पोर्टलवर सर्रास होतं. स्थितीच्या रकान्यात अर्ज सादर झाल्याचं दिसेपर्यंत खिडकी बंद करू नये.

८ एप्रिलला त्रुटी आली: ‘वैध करार जोडावा.’ ती येणार हे माहीतच होतं. १० तारखेला प्रभागातले निरीक्षक दुकानात आले आणि परवाना मागितला. यांनी संपलेला परवाना, २७ मार्चची पोच आणि फी पावती असे तीन कागद पुढे केले. निरीक्षकांनी तारीख बघितली, साठा बघितला, माळ्याच्या जागेकडे मान वर करून बघितलं आणि निघून गेले. १२ एप्रिलला नोंदणीकृत करार अपलोड केला.

त्रुटीबद्दल एक सांगायला हवं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवांना ठरावीक मुदत असते, आणि कार्यालयाने ती यादी फलकावर आणि संकेतस्थळावर लावायची असते. पण ती मुदत मोजली जाते परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. म्हणजे त्रुटी दहा दिवस पडून राहिली तर ते दहा दिवस तुमचे, कार्यालयाचे नव्हेत. उलट, त्रुटी पूर्ण करूनही मुदतीत परवाना आला नाही, किंवा अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करता येतं. अपील कोणाकडे करायचं, ते त्याच फलकावर सेवेसमोर लिहिलेलं असतं. फेटाळण्याचं कारण लेखी मिळायला हवं. ‘साहेब नाही म्हणाले’ हे कारण नव्हे, आणि तेवढ्यावर परत फिरू नये. त्याच खिडकीवर ‘मग लेखी द्या’ एवढंच शांतपणे म्हणायचं. पुष्कळदा फाईल तिथूनच हलते.

आमच्या बाबतीत अपिलापर्यंत गोष्ट गेली नाही. २४ एप्रिलला नूतनीकृत परवाना आला. ते पेढे घेऊन आले, मी आधी परवाना मागितला. नाव बरोबर, पत्ता बरोबर, क्षेत्रफळ ३५०, मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत. व्यवसायाच्या रकान्यात मात्र ‘लाकडी फर्निचर विक्री’ एवढंच छापलेलं. ‘बनवणे’ हा शब्द गळाला होता, आणि करवत तर रोज चालते. जुन्या परवान्याची प्रत जोडून त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज दिला. चार दिवसांनी दुरुस्त प्रत मिळाली, ती त्यांनी फ्रेममध्ये घालून गल्ल्यामागे लावली आणि मागच्या बाजूच्या अटींची झेरॉक्स काढून ड्रॉवरमध्ये ठेवली.